तरंगलं म्हणजे नासलं?

समजा, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका पोल्ट्रीतून तीस अंड्यांचा ट्रे निघाला आणि तीन घरांत वाटला गेला. दहा अंडी नागपूरला गेली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली. दहा रत्नागिरीला गेली, तिथेही ती टोपलीतच ठेवली. उरलेली दहा पुण्यातल्या एका फ्रीजमध्ये विसावली. अंडी एकाच दिवशी घातलेली, कोंबड्या एकाच जातीच्या, खाद्यही एकच.

अकराव्या दिवशी तिन्ही घरांत कुणीतरी खोल पातेल्यात पाणी घेतलं आणि आपापली अंडी त्यात सोडली. पुण्याची अंडी तळाशी आडवी पडली. रत्नागिरीची तळाशीच राहिली, पण त्यांचं रुंद टोक वर उचललं गेलं. नागपूरची मात्र एकेक करून पाण्यावर आली आणि तरंगू लागली.

'तळाशी बसलं तर ताजं, तरंगलं तर फेकून द्या' हा नियम बहुतेक घरांत ठाऊक असतो. त्या नियमाने नागपूरच्या दहाही अंड्यांची रवानगी कचऱ्यात झाली असती. ती नासली होती का? तसं ठामपणे म्हणता येत नाही. पाण्याने एवढंच सांगितलं होतं, की ती वाळली आहेत. वाळणं आणि नासणं या दोन गोष्टी बऱ्याचदा बरोबरीने चालतात, म्हणून त्यांची गल्लत होते. पण त्या एक नाहीत. हा फरक नीट पाहायचा तर अंड्याच्या रुंद टोकाला जी हवेची पोकळी असते, तिच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

कोंबडीच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असतं. नुकतंच घातलेलं अंडं तेवढंच गरम असतं आणि त्यात पोकळी जवळपास नसतेच. ते बाहेरच्या हवेत निवू लागलं, की आतला पांढरा आणि पिवळा ऐवज आकसतो. कवच मात्र कडक असल्यामुळे ते त्या मानाने फारच थोडं आकसतं. आत जागा मोकळी होते आणि ती भरायला बाहेरची हवा कवचातल्या छिद्रांतून ओढली जाते. कवचाच्या आतल्या बाजूला दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असतात. उकडलेलं अंडं सोलताना नखात येतो तोच हा पापुद्रा. आत आलेली हवा या दोन पापुद्र्यांना एकमेकांपासून सोडवते आणि त्यांच्यामध्ये बसते. हे बहुतेक वेळा रुंद टोकालाच घडतं, कारण तिथे छिद्रं दाट असतात.

अंड्याचं कवच कितीही गुळगुळीत दिसलं तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. कोंबडीच्या एका अंड्यावर ढोबळमानाने दहा हजार. ती इतकी बारीक असतात की त्यांतून पाणी गळत नाही, पण पाण्याची वाफ बाहेर पडते. पहिल्या तासात थंड होताना जन्मलेली ती छोटी पोकळी नंतर रोज वाढते ती याच वाफेमुळे. जेवढं पाणी बाहेर जातं, तेवढ्या आकारमानाची हवा आत येते. अंड्याचा बाहेरचा आकार तसाच राहतो, वजन मात्र घटत जातं.

तरंगण्याचं गणित इथेच आहे आणि ते एका साध्या अंड्यावर मांडता येतं. ५५ ग्रॅम वजनाचं ताजं अंडं घेऊ. त्याचं कवच साधारण साडेपाच ग्रॅमचं असतं आणि आतला ऐवज साडेएकोणपन्नास ग्रॅमचा. कवच पाण्यापेक्षा दुपटीहून जड, तर आतला ऐवज पाण्यापेक्षा किंचितच जड. दोन्ही मिळून हे अंडं साडेपन्नास घनसेंटिमीटर जागा व्यापतं. म्हणजेच पाण्यात बुडालं की ते साडेपन्नास ग्रॅम पाणी बाजूला सारतं. स्वतःचं वजन ५५ ग्रॅम असल्यामुळे ते तळाशी जातं. आता त्यातलं साडेचार ग्रॅम पाणी वाफ होऊन उडून गेलं तर वजन साडेपन्नास ग्रॅमवर येईल, आणि त्याहून थोडं जरी कमी झालं तरी अंडं वर येईल.

साडेचार ग्रॅम म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. तळ आणि पृष्ठभाग यांच्यातलं अंतर एवढंच आहे.

मधल्या अवस्थाही याच हिशेबाने येतात. पोकळी रुंद टोकाला असल्यामुळे ते टोक आधी हलकं होतं. म्हणून थोडं वाळलेलं अंडं तळाशी तिरकं पडतं, आणखी वाळलेलं निमुळत्या टोकावर उभं राहतं, आणि शेवटी तळ सोडतं. या प्रवासाला दिवस किती लागतात, ते मात्र अंड्यापेक्षा हवेवर जास्त ठरतं.

हे कोडं १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बफलो इथल्या विद्यापीठात हर्मन रान, आमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या शरीरशास्त्रज्ञांनी सोडवलं. अनेक जातींच्या पक्ष्यांची अंडी कोरड्या हवेत ठेवून त्यांनी रोज वजनं घेतली आणि कवचातून वाफ किती सहज बाहेर पडते ते मोजलं. त्यांचा निष्कर्ष असा, की अंड्याच्या आत हवेत मावेल तेवढी पुरेपूर वाफ असते, बाहेर त्याहून कमी असते, आणि या दोहोंतल्या फरकाच्या प्रमाणात पाणी बाहेर जातं. वाफेचा दाब, हवेच्या दाबासारखाच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. आत-बाहेरच्या दाबात एक मिलिमीटरचा फरक असेल, तर कोंबडीच्या अंड्यातून दिवसाला साधारण १४ मिलिग्रॅम पाणी उडतं. हा एक आकडा हाताशी असला, की ट्रेमधल्या अंड्यांचं काय झालं ते घरबसल्या काढता येतं.

नागपूरच्या मे महिन्यात बिनकूलरच्या स्वयंपाकघरात तापमान ३५ अंश आणि आर्द्रता २५ टक्के धरू. ३५ अंशांना अंड्यातल्या वाफेचा दाब सुमारे ४२ मिलिमीटर असतो. बाहेर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेदहा. फरक साडेएकतीस मिलिमीटरचा. म्हणजे दिवसाला जवळजवळ ४५० मिलिग्रॅम पाणी गेलं. साडेचार ग्रॅम जायला दहा दिवस पुरले. अकराव्या दिवशी अंडी तरंगली, यात नवल नाही.

त्याच घरात अंडी कूलरच्या खोलीत ठेवली असती तर? पाण्याच्या कूलरमुळे हवा गार होते आणि दमटही. २८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरली तर रोजची घट १६० मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि तेच अंडं तरंगायला चार आठवडे लागतात. रत्नागिरीत मे महिन्यात ३१ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर महिना लागेल. पुण्याच्या फ्रीजमध्ये तापमान ५ अंश. एवढ्या थंडीत अंड्यातल्या वाफेचा दाबच साडेसहा मिलिमीटर असतो. फ्रीजमधली हवा निम्मी कोरडी असली तरी दिवसाला ४५ मिलिग्रॅमच पाणी जातं, म्हणून अंडं तरंगायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो.

हा हिशेब ढोबळ आहे. कवचाची जाडी आणि छिद्रं अंड्यागणिक बदलतात, आणि दुकानात येईपर्यंत अंडं काही दिवसांचं झालेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात चार-आठ दिवस इकडचे तिकडे होणारच. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट भर घालते. तापलेली कोंबडी धापा टाकते, त्याने तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा चुना नीट तयार होत नाही. म्हणून कडक उन्हाळ्यातली अंडी पातळ कवचाची असतात. वयस्क कोंबड्यांचीही तशीच. पातळ कवच म्हणजे पाण्याहून जड असलेला भाग कमी. असं अंडं घातल्या दिवसापासूनच थोडं हलकं असतं आणि तरंगण्याची वेळ लवकर गाठतं. उबवणी केंद्रात आणि प्रयोगशाळेत याचाच उलटा उपयोग करतात. वेगवेगळ्या घनतेच्या मिठाच्या पाण्यात ताजी अंडी सोडायची आणि ती कुठल्या पाण्यात तरंगतात त्यावरून कवचाची जाडी ताडायची. तिथे तरंगण्याचा आणि नासण्याचा संबंधच नसतो.

आता या गणिताचा पेच जुलैत दिसतो. कोकणात झड लागलेली असताना हवा साडेसत्तावीस अंशांवर आणि आर्द्रता ८८ टक्क्यांवर असेल, तर आत-बाहेरच्या वाफेतला फरक सव्वातीन मिलिमीटरच उरतो. दिवसाला ४५ मिलिग्रॅम पाणी जातं. हा आकडा ओळखीचा आहे, कारण पुण्याच्या फ्रीजचाही तोच आहे. म्हणजे पावसाळ्यात रत्नागिरीच्या फळीवर महिनाभर पडून राहिलेलं अंडं आणि फ्रीजमध्ये महिनाभर राहिलेलं अंडं एकाच पातेल्यात सोडलं, तर दोन्ही एकाच पद्धतीने तळाशी बसतील. पातेल्याच्या लेखी दोघांचं वय सारखं.

दोन्ही वेगवेगळ्या वाट्यांत फोडली, की फरक कळतो. फ्रीजमधल्या अंड्याचा पिवळा बलक बऱ्यापैकी उंच, घुमटासारखा राहतो आणि त्याच्याभोवती पांढऱ्याचा घट्टसर थर दिसतो. फळीवरच्या अंड्याचं पांढरं पाण्यासारखं वाटीभर पसरतं, बलक चपटा होतो, आणि वाटी जरा हलली तरी फुटतो.

या बदलामागे पाणी नाही, कार्बन डायऑक्साइड आहे. घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात हा वायू विरघळलेला असतो. छिद्रांतून तो हळूहळू निसटतो, तसं पांढरं अधिकाधिक अल्कधर्मी होतं. सुरुवातीला त्याचा सामू साडेसातच्या थोडा वर असतो, तो काही दिवसांत नवाच्या पुढे जातो. पांढऱ्याला जेलीसारखं धरून ठेवणारी प्रथिनांची जाळी याने सैल पडते. बलकाभोवतालचा पातळ पडदाही कमजोर होतो आणि पांढऱ्यातलं पाणी बलकात झिरपतं. या सगळ्याला वेग देते ती उष्णता. हवा दमट आहे की कोरडी, याने इथे फारसा फरक पडत नाही. म्हणून बाहेरचा एक दिवस म्हणजे फ्रीजमधला जवळजवळ एक आठवडा, असा ढोबळ हिशेब अंड्यांच्या व्यापारात सांगितला जातो.

अंड्यात अशी दोन घड्याळं चालतात. एक हवेच्या कोरडेपणावर चालतं आणि पोकळी वाढवतं. दुसरं उष्णतेवर चालतं आणि पांढरं पातळ करतं. पाण्याचं पातेलं फक्त पहिलं घड्याळ वाचतं. पुण्यासारख्या ठिकाणी, वर्षाच्या मधल्या काळात दोन्ही साधारण जुळतात, म्हणून नियम खरा वाटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पहिलं फार पुढे पळतं, कोकणच्या पावसाळ्यात ते जवळपास थांबतं. कवचाची छिद्रंच बुजवली तर ते सगळीकडेच थांबतं. फ्रीज नव्हते तेव्हा अनेक देशांत अंडी चुन्याच्या निवळीत महिनोन्‌महिने ठेवत असत, आणि अंड्यांवर खाद्य दर्जाच्या तेलाचा हात फिरवण्याची पद्धत आजही वापरात आहे. अशी अंडी कितीही जुनी असली तरी बुडतात.

वाळणं आणि पातळ होणं, दोन्ही म्हातारपणाची लक्षणं झाली. नासणं त्याहून वेगळं. त्यासाठी जिवाणू आत शिरावे लागतात.

ते सोपं नसतं. कवचावर एक पातळ साय असते, ती छिद्रांची तोंडं झाकते. तिच्या आत कवच, मग दोन पापुद्रे, आणि मग पांढरं. अंड्यातलं पांढरं म्हणजे बलकाभोवती उभी केलेली तटबंदीच आहे. त्यात लायसोझाइम असतं, जे जिवाणूंच्या भिंती फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हा पदार्थ १९२२ साली जगापुढे आणला, पेनिसिलिनच्या काही वर्षं आधी, आणि अंड्याच्या पांढऱ्यात तो भरपूर असल्याचं त्यांनीच दाखवलं. त्याच पांढऱ्यात लोहाला घट्ट धरून ठेवणारं आणखी एक प्रथिन असतं. लोह मिळालं नाही तर जिवाणूंची वाढ खुंटते. वर अल्कधर्मी सामू. म्हणजे ज्या बदलाने पांढरं पातळ होतं, तोच बदल जिवाणूंना नकोसा असतो. न तडकलेलं, न धुतलेलं अंडं बाहेर आठवडे काढूनही बहुधा सडत नाही, ते याच कारणांमुळे.

तटबंदी कोसळते तेव्हा बहुतेक वेळा निमित्त ओलं असतं. ओल्या कवचावर जिवाणू पाण्याच्या थेंबाबरोबर छिद्रात शिरतात. पावसाळ्यात दमट कवचावर बुरशीही धरते, तिचे तंतू आत पोचतात आणि कवचाच्या आतून काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. दुसरीकडे पांढरं पातळ झाल्यामुळे बलक जागेवर राहत नाही. तो पांढऱ्यापेक्षा हलका असतो, म्हणून वर सरकतो आणि पापुद्र्याला टेकतो. मधली तटबंदी ओलांडण्याची गरजच उरत नाही. बलकात लोह आहे, स्निग्ध पदार्थ आहेत, जिवाणूंना हवं ते सगळं आहे. काही जिवाणू पांढऱ्याला हिरवट छटा आणतात. काही प्रथिनं तोडून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा म्हणून जो वास जगभर ओळखला जातो, तो याचाच. आतला ऐवज शेवटी काळा पडतो.

इथे एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. सडताना आत वायू तयार होतो, म्हणून सडकं अंडं हलकं होऊन तरंगतं, असं अनेकदा सांगतात. पण घट्ट झाकणाच्या डब्यात भात आंबला आणि आत वायू धरला, म्हणून काट्यावर डब्याचं वजन कमी भरत नाही. अंड्याचंही तसंच आहे. आत वायू तयार झाल्याने काही होत नाही. तो छिद्रांतून बाहेर गेला तरच वजन घटतं. वायू बाहेर पडायला वाव कमी असेल तर आत दाब वाढतो आणि सडकं अंडं हातात फुटतं, पण हलकं होत नाही. सडकी अंडी बहुधा तरंगतात हे खरं, कारण ती सडेपर्यंत पुष्कळ दिवस गेलेले असतात आणि तेवढ्यात त्यांचं पाणीही उडालेलं असतं. पण दमट पावसाळ्यात तडकलेलं अंडं आठवड्यात सडलं, तर ते सडूनही तळाशीच बसेल.

आणखी एक धोका आहे आणि तो पातेल्याला मुळीच दिसत नाही. साल्मोनेला जातीचा एक जिवाणू कोंबडीच्या बीजाशयातच असू शकतो, आणि अंडं तयार होतानाच, कवच चढण्याआधी, आत जातो. अशी अंडी फार थोडी असतात. पण असलेलं अंडं घातल्या दिवशी दगडासारखं बुडतं, त्याला वास येत नाही, रंगही बदलत नाही. त्यावर उपाय एकच, बलक घट्ट होईपर्यंत शिजवणं. ७१ अंशांपर्यंत तापलेल्या अंड्यात हा जिवाणू टिकत नाही.

मग ही वाढणारी पोकळी नेमकी कशासाठी आहे? माणसाला अंड्याचं वय कळावं म्हणून ती नक्कीच नाही.

त्याचं उत्तर उबवणी केंद्रात मिळतं. तिथे अंडी साडेसदतीस अंशांवर आणि पन्नास-साठ टक्के आर्द्रतेत ठेवतात, निमुळतं टोक खाली आणि रुंद टोक वर. बफलोच्या शास्त्रज्ञांचंच गणित लावलं तर अशा हवेत अंड्यातून रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम पाणी जातं. २१ दिवसांत वजन साधारण १२ टक्क्यांनी घटतं. उबवणी केंद्रातले लोक अंडी मधूनमधून तोलतात आणि घट या आकड्याच्या आसपास राहील अशा बेताने हवेतला दमटपणा कमी-जास्त करतात. गावात खुडूक बसलेली कोंबडी हेच काम पोटाखालच्या उबेने आणि सारखी अंडी परतून साधते.

उबवणीच्या अखेरीस ही पोकळी अंड्याच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढी झालेली असते. तोवर पिल्लाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात. कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून, त्याच हजारो छिद्रांमार्गे, त्याला प्राणवायू मिळत असतो. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी तो पुरेनासा होतो. पिल्लू चोच वर करून आतला पापुद्रा फोडतं आणि त्याची चोच पोकळीत येते. आयुष्यातला पहिला श्वास ते या पोकळीतल्या हवेचा घेतं. कवच अजून शाबूत असतं, पण कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. कवच फोडून बाहेर यायला आणखी काही तास, कधी दिवसभर लागतो, आणि तोवर ते या हवेवर तग धरतं. उबवणीत हवा फार दमट राहिली तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या पाण्यात गुदमरतं. फार कोरडी राहिली तर पापुद्रा चामड्यासारखा होतो आणि पिल्लू त्याला चिकटून बसतं.

५५ ग्रॅमच्या अंड्याचं वजन १२ टक्क्यांनी घटलं तर ते साडेअठ्ठेचाळीस ग्रॅमच्याही खाली येतं. जागा मात्र साडेपन्नास घनसेंटिमीटरच. म्हणजे विसाव्या दिवशी आत पिल्लू जिवंत आणि सुदृढ असलेलं अंडं पाण्यावर तरंगतं. नागपूरच्या फळीवर दहा दिवसांत जे झालं, ते उबवणीच्या यंत्रात पंधरा दिवसांत होतं, इतकाच फरक.

खाण्यासाठी विकली जाणारी पोल्ट्रीची अंडी कोंबड्याशिवाय घातलेली असतात, त्यामुळे त्यांत पिल्लू धरण्याचा प्रश्न नसतो. गावरान अंड्यांचं तसं नाही. ती फळलेली असू शकतात, आणि उन्हाळ्यात घरातच ३५ अंश तापमान असेल तर चार-पाच दिवसांत आत गर्भाची वाढ सुरू होते, मग अर्धवट उबेमुळे तो मरतो. फोडल्यावर बलकावर रक्ताचं वर्तुळ दिसतं. एवढ्यात पाणी फारसं उडालेलं नसतं, म्हणून असं अंडं बिनदिक्कत बुडतं.

अंड्यांची प्रतवारी करणारे पातेलं वापरत नाहीत, ते प्रकाश वापरतात. अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला दिवा धरला की पोकळीची कड आतून स्पष्ट दिसते आणि तिची खोली मोजता येते. युरोपातल्या नियमांनुसार 'अ' वर्गाच्या अंड्यात ती ६ मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही. अमेरिकेत सर्वांत वरच्या प्रतीला ३ मिलिमीटरच्या किंचित वर एवढीच मुभा आहे. घरी मोबाइलच्या टॉर्चवरही हे दिसतं, विशेषतः पांढऱ्या कवचाच्या अंड्यात. टॉर्चच्या उजेडात तडे, बुरशीचे ठिपके आणि काळवंडलेला ऐवजही दिसतो, जो पाण्यात दिसत नाही. शिवाय अंडं कोरडं राहतं.

कोरडं राहण्याला महत्त्व आहे. ३५ अंशांवरचं अंडं माठातल्या गार पाण्यात टाकलं की पोकळीतली हवा आकसते आणि अंडं छिद्रांतून पाणी आत ओढतं, कोंबडीच्या पोटातून बाहेर आल्यावर त्याने हवा ओढली होती तसंच. कवचावरची घाण त्या पाण्याबरोबर आत जाते. अंडी धुणाऱ्या कारखान्यांत धुण्याचं पाणी अंड्यापेक्षा मुद्दाम गरम ठेवतात, ते याच कारणासाठी. म्हणून पाण्यात तपासलेलं अंडं पुन्हा ट्रेमध्ये ठेवण्यापेक्षा लगेच वापरलेलं बरं. पूर्ण ट्रे तपासून परत रचून ठेवणं म्हणजे चांगली अंडी बिघडवण्याची सोय करणं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा ग्राहकांना सल्लाही असाच आहे: तरंगणारं अंडं जुनं आहे एवढंच समजा, ते वाटीत फोडा, वास आणि रूप पाहा, मग ठरवा. हायड्रोजन सल्फाइडचा वास माणसाच्या नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळतो, त्यामुळे सडकं अंडं फोडल्यावर शंका उरत नाही. अट एकच, की प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडायचं, थेट केकच्या मिश्रणात किंवा तापलेल्या तव्यावर नाही. तडकलेलं, चिकट किंवा बुरशी धरलेलं अंडं असेल तर वाटीपर्यंतही नेऊ नये.

नागपूरच्या त्या दहा अंड्यांपैकी एक वाटीत फोडलं, तर पांढरं पातळ पसरलेलं दिसेल, बलक चपटा असेल, वास बहुधा काहीच नसेल. त्याचं हाफ फ्राय नीट होणार नाही, कारण बलक तव्यावर पडताच फुटेल. भुर्जी मात्र होईल. उरलेली उकडायला घातली, तर पाणी तापताना रुंद टोकाकडून बुडबुड्यांची बारीक माळ वर येताना दिसेल, ती पोकळीतली हवा असते. कवच अलगद सुटेल, कारण अल्कधर्मी झालेलं पांढरं पापुद्र्याला धरून ठेवत नाही. आणि सोललेल्या अंड्याच्या रुंद टोकाला खोलगट, सपाट खळगा असेल. त्यात पाणी ओतून पाहिलं तर चहाचा साधारण एक चमचा मावेल.